घर कुठल्या तालुक्यात, त्यावर आरटीओ: गोव्यातल्या वाचकांचे वारंवार येणारे प्रश्न

गाडीचं किंवा लायसन्सचं काम निघालं की गोव्यात बहुतेकजण जवळच्या शहरातलं कार्यालय गाठतात. अर्धा दिवस रांगेत काढून झाल्यावर कळतं की आपलं कार्यालय दुसरंच आहे. याच घोळाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तर तिथे क्रमांक दिला आहे.

१. माझं आरटीओ कुठलं, हे नेमकं कशावरून ठरतं?

तुम्ही ज्या घरात राहता ते घर कुठल्या तालुक्यात येतं, यावरून. बाजाराला कुठल्या गावात जाता, बस कुठली पकडता, पत्र कुठल्या पोस्टातून येतं, यातल्या कशाचाही संबंध नाही. गोव्यात हे काम वाहतूक खात्याकडे आहे आणि त्याची कार्यालयं तालुक्यांच्या हिशेबाने बसवलेली आहेत. तालुक्याच्या कार्यालयाचा प्रमुख सहाय्यक वाहतूक संचालक असतो आणि पाटीवरही तेच लिहिलेलं असतं. लोक मात्र सगळ्यांनाच सरसकट आरटीओ म्हणतात, आणि या पानावरही आपण तेच म्हणू. ‘आरटीओ’ अशी पाटी शोधत इमारतीभोवती फिरू नका.

२. नंबरप्लेटवरच्या आकड्यावरून कार्यालय ओळखता येतं का?

गाडीची पहिली नोंदणी कुठे झाली, ते ओळखता येतं. बार्देशच्या गाड्या म्हापशाला नोंदवल्या जातात आणि त्यांच्यावर GA-03 असतं. डिचोलीचा कोड GA-04. सत्तरीतल्या गाड्यांवरही वर्षानुवर्षं हाच कोड पडत आला आहे. फोंड्याचा GA-05, मुरगावचा म्हणजे वास्कोचा GA-06. तिसवाडीतल्या म्हणजे पणजी भागातल्या खासगी गाड्यांवर आता GA-07 दिसतं आणि सासष्टीतल्या म्हणजे मडगाव भागातल्या गाड्यांवर GA-08. GA-01 आणि GA-02 हे त्याआधीचे कोड, आणि अनुक्रमे पणजी व मडगावच्या जुन्या गाड्यांवर ते अजून दिसतात. केपे आणि सांगे यांचा GA-09, काणकोणचा GA-10, पेडण्याचा GA-11 आणि धारबांदोड्याचा GA-12.

धारबांदोडा हा तालुकाच मुळात २०११ साली झाला. त्यामुळे तिथल्या एखाद्या अंगणात जुनी गाडी वेगळ्या कोडची आणि नवी GA-12 ची उभी असेल तर त्यात गैर काही नाही. कोड म्हणजे गाडीचं जन्मस्थान. आज तुमचं काम कुठे होणार, ते तुमच्या आजच्या पत्त्यावर ठरतं. हा फरक प्रश्न ८ आणि ९ मध्ये पुन्हा लागेल.

३. माझं गाव नक्की कुठल्या तालुक्यात येतं, याचीच खात्री नाही. कसं शोधू?

हा प्रश्न विचारायला पुष्कळांना संकोच वाटतो, पण गोव्यात तो अगदी खरा आहे. इथे तालुक्यांच्या हद्दी बऱ्याच ठिकाणी नदीवरून गेल्या आहेत, आणि पूल झाल्यापासून लोकांच्या मनात त्या हद्दी उरल्या नाहीत.

सर्वांत जास्त फसतात ते पर्वरीकर. मांडवीचा पूल ओलांडला की पाच-दहा मिनिटांत पणजी, विधानसभा आणि सचिवालयही पर्वरीतच, म्हणून पर्वरी म्हणजे पणजीच असं वाटतं. पण पर्वरी बार्देशात येते आणि तिचं कार्यालय म्हापशाला आहे. जुवारी नदीवरही तसंच आहे: आगशी तिसवाडीत, आणि पूल उतरल्यावर लागणारी कुठ्ठाळी मुरगावात. उत्तरेकडे शिवोली बार्देशात, तर पुलापलीकडचं चोपडे पेडण्यात. कोलवाळ बार्देशात आणि धारगळ पेडण्यात.

नदी नसतानाही फसगत होते. कासावलीची माणसं खरेदीला मडगावला जातात, पण कासावली मुरगाव तालुक्यात आहे. शेजारचं माजोर्डा मात्र सासष्टीत. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत वास्कोहून कामाला येणारे पुष्कळ असले तरी वेर्णा सासष्टीतच. साखळी डिचोली तालुक्यात, आणि तिथून जवळचं होंडा सत्तरीत. बेतुलचा बाजार मडगावचा, तालुका केप्याचा.

खात्री करायची तर पंचायतीची घरपट्टीची पावती काढा. पंचायतीच्या कागदावर तालुक्याचं नाव असतं. जमिनीचा एक-चौदाचा उतारा घरात असेल तर त्यावरही गाव आणि तालुका दोन्ही मिळतात. वीजबिलावरून ठरवू नका, कारण वीज खात्याचे उपविभाग तालुक्यांच्या हद्दी पाळत नाहीत. मतदारसंघावरूनही नको, कारण तालुका आणि मतदारसंघ या दोन वेगळ्या रेषा आहेत. भाड्याने राहणाऱ्याकडे यातलं काही नसेल तर सरळ पंचायतीत जाऊन विचारावं. दोन मिनिटांचं काम आहे.

४. पोर्टलवर पिन कोड टाकला की कार्यालयाचं नाव येतं. तेच बरोबर ना?

बहुतेक वेळा असतं, पण डोळे मिटून पुढे जाऊ नका. पिन कोड टपाल खात्याच्या सोयीसाठी आहे आणि तो तालुक्याच्या हद्दीला बांधलेला नाही. शिवाय लोक पिन चुकीचा लिहितात, हे त्याहून मोठं कारण. पर्वरीचा पिन ४०३५२१ आहे, पण ‘पणजीजवळ’ म्हणून अनेकांच्या भाडेकरारावर ४०३००१ पडलेला असतो आणि तो पणजीचा आहे. मग आधारवर एक पिन, करारावर दुसरा आणि अर्जात तिसराच.

समोर आलेल्या कार्यालयाचं नाव प्रश्न ३ प्रमाणे काढलेल्या तालुक्याशी जुळतं का ते पाहा. जुळत नसेल तर आधी कागदावरचा पिन दुरुस्त करून घ्या आणि मगच शुल्क भरा. एकदा शुल्क भरलं की काय होतं, ते प्रश्न १४ मध्ये आहे.

५. फोंडा उत्तर गोव्यात की दक्षिण गोव्यात? अर्जात जिल्हा कोणता लिहू?

फोंडा तालुका २०१५ साली उत्तर गोवा जिल्ह्यातून काढून दक्षिण गोव्याला जोडला गेला. जुन्या आरसीवर, जुन्या आधारवर, कधी शाळेच्या दाखल्यावरही ‘उत्तर गोवा’ दिसतं. आरटीओच्या कामाला त्याने फरक पडत नाही, कारण फोंड्याचं कार्यालय फोंड्यातच आहे आणि कोड GA-05 आहे तसाच आहे. अर्ज भरताना मात्र जिल्हा चुकीचा निवडला तर खालच्या यादीत तुमचा तालुकाच दिसत नाही आणि ‘पोर्टल बंद आहे’ अशी तक्रार सुरू होते. तालुका सापडला नाही तर जिल्हा बदलून बघा.

६. कायदा बदलून आता राज्यातल्या कुठल्याही आरटीओत काम होतं म्हणे. मग तालुका कशाला शोधायचा?

ऐकलंत ते खरं आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. आधी कलम ४० नुसार, मालक जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो आणि गाडी जिथे एरवी ठेवली जाते, त्या हद्दीतल्या प्राधिकाऱ्याकडेच नोंदणी करावी लागे. दुरुस्तीनंतर ‘राज्यातला कोणताही नोंदणी प्राधिकारी’ अशी शब्दरचना आली. लर्निंग लायसन्स आणि पक्क्या लायसन्सच्या कलमांतही तसाच बदल झाला.

म्हणजे हद्द चुकली म्हणून नोंदणी बेकायदेशीर ठरेल, ही भीती गेली. पण रोजच्या कामात तालुका अजून तीन ठिकाणी भेटतो. गोव्यात नंबरांच्या मालिका तालुक्यांच्या आहेत आणि नव्या गाडीला नंबर पत्त्यावरून पडतो. अर्ज ज्या कार्यालयाच्या नावे भरला, त्याच कार्यालयात तो मंजुरीसाठी दिसतो, शेजारच्या तालुक्यातल्या कारकुनाच्या पडद्यावर तो उघडत नाही. आणि परराज्यातून येताना एनओसीवर कार्यालयाचं नाव घालावं लागतं. दुसऱ्या तालुक्यातलं कार्यालय तुम्हाला सोयीचं असेल तर अर्ज भरताना ते निवडता येतं का, ते तिथल्या तिथे पाहा. यादीत निवडता आलं तर ठीक. ‘कायदा असं म्हणतो’ हा वाद खिडकीवर घालून काम लवकर होत नाही.

७. आधारवर गावचा पत्ता आहे, राहतो भाड्याने दुसऱ्या तालुक्यात. कुठला धरायचा?

सध्या राहता तो. गाडी रोज जिथे उभी असते तो पत्ता आरसीवर हवा, कारण नोटीस आणि चलन तिथेच येतं. अर्जात कायमचा पत्ता आणि सध्याचा पत्ता अशा दोन जागा असतात. कायमच्या जागी गावचा पत्ता आणि सध्याच्या जागी भाड्याचा, असं भरायला काही हरकत नाही, फक्त सध्याच्या पत्त्याचा पुरावा जोडता आला पाहिजे.

इथेच गाडं अडतं. घरमालक भाडेकरार नोंदवून द्यायला तयार नसतो. अशा वेळी सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे आधारवरचा पत्ता बदलून घेणं. तो एकदा झाला की लायसन्स, आरसी, विमा सगळं त्यावर चालतं, आणि आधारच्या पडताळणीवर होणारी ऑनलाइन कामंही मोकळी होतात (प्रश्न १२). सरकारी नोकरीसाठी मामलेदाराकडून घ्यावा लागतो तो पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला इथे लागत नाही. एजंट तो मागत असेल तर दुसरा एजंट बघा, किंवा एजंटच नको.

८. काणकोणला राहतो, गाडी मडगावच्या शोरूममधून घेतोय. नंबर कुठला पडेल?

GA-10, म्हणजे काणकोणचा. शोरूम कुठे आहे याला महत्त्व नाही. नव्या गाडीची माहिती विक्रेताच पोर्टलवर भरतो आणि तिथे तुमचा जो पत्ता घालतो, त्यावरून कार्यालय ठरतं. चूकही नेमकी तिथेच होते. शोरूममधला मुलगा दिवसाला अनेक फॉर्म भरतो आणि बरेचसे मडगावचेच असतात. म्हणून शुल्क भरण्याआधी पडद्यावर कार्यालयाचं नाव आणि पत्ता स्वतः वाचा. फॉर्म २० ची प्रत मागून घ्या, त्यात हेच असतं. आवडीचा नंबर घ्यायचा असेल तर तो तुमच्या तालुक्याच्या मालिकेतूनच मिळेल, त्यामुळे कार्यालय पक्कं झाल्याशिवाय त्याचे पैसे भरू नका.

९. म्हापशाहून फोंड्याला राहायला गेलो. GA-03 बदलून GA-05 करावं लागेल का?

नाही. राज्याच्या आत पत्ता बदलला तर नंबर बदलत नाही. GA-03 ची गाडी फोंड्यात जन्मभर चालवा. आरसीवरचा पत्ता मात्र बदलायला हवा, आणि कलम ४९ नुसार तो पत्ता बदलल्यापासून ३० दिवसांत कळवायचा असतो. त्यासाठी फॉर्म ३३ आहे. अर्ज नव्या राहत्या जागेच्या कार्यालयाकडे, म्हणजे फोंड्याला करायचा. कर्जाची गाडी असेल तर बँकेचं संमतीपत्रही जोडावं लागतं.

लोक हे काम टाळतात, कारण वरवर काहीच अडत नाही. पण गाडी विकायच्या दिवशी किंवा चोरीला गेल्यावर विम्याचा दावा करताना जुना पत्ता आडवा येतो. त्या घाईत हे काम काढण्यापेक्षा आधी उरकलेलं बरं.

१०. पणजीच्या माणसाची गाडी सांग्याचा माणूस विकत घेतोय. एनओसी लागेल का, आणि अर्ज कुठे?

दोघेही गोव्यातलेच आहेत, म्हणून एनओसी लागत नाही. ती परराज्यात जाणाऱ्या गाडीसाठी असते. विकणाऱ्याने फॉर्म २९ वर विक्री कळवायची, तीही १४ दिवसांत. घेणाऱ्याने फॉर्म ३० वर ३० दिवसांच्या आत, आपल्या राहत्या जागेच्या कार्यालयाकडे अर्ज करायचा. सांग्याच्या माणसासाठी ते केप्याचं. नंबर GA-07 असेल तर तोच राहील.

विकणाऱ्यांसाठी एक सूचना. गाडी दिली, पैसे मिळाले, आता त्याचं तो बघेल, असं करू नका. नाव बदलेपर्यंत कागदोपत्री मालक तुम्हीच असता, आणि अपघात झाला तर नोटीस तुमच्या दारात येते. मालक वारला असेल तर वारसाने फॉर्म ३१ भरायचा. तो अर्जही वारस जिथे राहतो तिथल्या कार्यालयाकडे जातो, मृताच्या पत्त्यावर नाही.

११. सावंतवाडीहून नोकरीसाठी पर्वरीला आलोय. MH-07 ची गाडी गोव्याच्या नंबरवर करायची आहे. सुरुवात कुठून करू?

हा प्रश्न सिंधुदुर्गातल्या वाचकांकडून सतत येतो, म्हणून पूर्ण उदाहरण घेऊ. गाडी सिंधुदुर्गात नोंदलेली, तिच्यावर बँकेचं कर्ज, मालक पर्वरीत भाड्याने राहतो, आणि गाडी यापुढे गोव्यातच राहणार आहे.

गाडीवरची सगळी चलनं आधी भरून टाका, महाराष्ट्रातली आणि गोव्यातलीही. पत्रादेवीच्या पलीकडे कधी दंड झाला असेल आणि विसरला असाल तर तो इथे वर येतो. मग बँकेकडून, गाडी गोव्यात न्यायला हरकत नाही असं पत्र घ्या. बँकेला यासाठी वेळ लागतो, म्हणून पहिला अर्ज तिथेच टाकलेला चांगला.

त्यानंतर vahan.parivahan.gov.in वर एनओसीचा अर्ज. याचा फॉर्म २८, आणि तो जातो गाडी जिथे नोंदलेली आहे त्या कार्यालयाकडे, म्हणजे सिंधुदुर्गनगरीला, ओरोसला. अर्जावर चासी नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा लागतो. तो गॅरेजवाल्याकडून काढून घ्या. घरी काढायला गेलात तर कागद फाटतो आणि नंबर अर्धाच उमटतो.

आता खरी मेख. अर्जात विचारलं जातं की गाडी कुठल्या राज्यात आणि कुठल्या कार्यालयाच्या हद्दीत जाणार. राज्य गोवा, हे सगळे बरोबर लिहितात. कार्यालयाच्या जागी पर्वरीचा माणूस ‘पणजी’ निवडतो, कारण कंपनीच्या पत्त्यात पणजी लिहिलेलं असतं. एनओसी पणजीच्या नावे निघते. पुढे तो पत्त्याचा पुरावा घेऊन जातो आणि पुरावा बार्देशचा निघतो. मग एकतर एनओसी दुरुस्त करायला परत ओरोस, किंवा कार्यालय ऐकेल का याची विनवणी. पर्वरीसाठी निवडायचं म्हापसा.

एनओसीचा अर्ज नाकारला नाही आणि ३० दिवसांत काही कळवलंही नाही, तर ती दिली असंच धरलं जाईल, असं कलम ४८ सांगतं. प्रत्यक्षात लेखी कागद हाती आल्याशिवाय पुढचं कार्यालय हलत नाही, म्हणून पाठपुरावा करत राहा.

एनओसी मिळाली की गोव्याच्या बाजूचं काम. फॉर्म २७ वर नवा नंबर मागायचा. सोबत मूळ आरसी, एनओसी, चालू विमा, पीयूसी, बँकेचं पत्र आणि राहत्या पत्त्याचा पुरावा. गाडी दाखवायला घेऊन जावी लागते. गोव्याचा रस्ता कर भरावा लागतो, आणि तो गाडीचं वय बघून काढतात. नंबर GA-03 मालिकेतला पडेल. त्यानंतर नवी प्लेट लावून विम्यावर आणि फास्टॅगवर नवा नंबर चढवून घ्या. फास्टॅगचं विसरायला होतं, आणि मग टोलनाक्यावर गाडी एका नंबरची आणि टॅग दुसऱ्याचा.

महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो. तो अर्ज गोव्यात नव्हे, सिंधुदुर्गच्या कार्यालयाकडे, नवी आरसी हाती आल्यावर. त्यामुळे जुन्या कराची पावती जपून ठेवा. ती नसेल तर एनओसीच्या वेळीच ओरोसला नक्कल मागून घ्या.

१२. बांद्याला राहतो, रोज म्हापशाला कामाला येतो. माझ्या गाडीला आणि लायसन्सला गोव्याचं काही करावं लागतं का?

गाडीला नाही. एका राज्यात नोंदलेली गाडी देशभर चालते. नवा नंबर घेण्याची सक्ती येते ती गाडी दुसऱ्या राज्यात सलग १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर, असं कलम ४७ म्हणतं. तुमची गाडी रात्री बांद्याच्या अंगणात असते, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही. गोव्यात सहा महिन्यांच्या कंत्राटावर येऊन राहणाऱ्यालाही नाही. पण वर्ष उलटून गेलं आणि गाडी पर्वरीच्या सोसायटीत धूळ खात उभी असेल, तर ‘अधूनमधून गावी नेतो’ हे सांगून भागत नाही.

लायसन्सचंही तसंच. महाराष्ट्राचं लायसन्स गोव्यात पूर्ण चालतं. गोव्यात राहायला आल्यावर त्यावरचा पत्ता बदलायचा असेल तर तो sarathi.parivahan.gov.in वरून करता येतो. आधारची पडताळणी दिली तर लायसन्सचं नूतनीकरण, पत्ता बदलणं, आरसीवरचा पत्ता, मालकी बदल अशी ५८ कामं कार्यालयात न जाता करण्याची सोय २०२२ मध्ये केंद्राने दिली आहे.

एक अपवाद लक्षात ठेवा. लर्निंग लायसन्सचा अर्ज तुम्ही जिथे राहता त्या राज्यात करता येतो, तसा जिथे व्यवसाय करता त्या राज्यातही करता येतो. म्हापशात दुकान असलेल्या बांद्याच्या माणसाला गोव्यातून लर्निंग काढायचा मार्ग कायद्याने मोकळा आहे. व्यवसायाचा पुरावा मात्र हवा.

१३. लर्निंग एका तालुक्यात काढलं, टेस्ट दुसरीकडे देता येईल का? आणि लायसन्स संपलं तर नूतनीकरण कुठे?

टेस्ट सहसा त्याच कार्यालयात द्या. लर्निंग ६ महिने चालतं, आणि ते मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची टेस्ट होत नाही. त्या मधल्या काळात घर बदललं तर नव्या पत्त्याचा पुरावा घेऊन पक्क्या लायसन्सच्या अर्जात नवं कार्यालय निवडता येतं का बघा. जुळलं नाही तर मूळ कार्यालयातच टेस्ट देऊन टाका आणि पत्ता नंतर बदला. नवं लर्निंग काढण्यापेक्षा ते स्वस्तात पडतं.

नूतनीकरणाला तालुक्याचं बंधन नाही. तो अर्ज कुठल्याही लायसन्स प्राधिकाऱ्याकडे चालतो. मुदत संपण्याआधी एक वर्षापासून संपल्यानंतर एक वर्षापर्यंत करता येतो, आणि त्याहून उशीर झाला तर पुन्हा टेस्ट. जहाजावर किंवा आखातात नोकरीला असणाऱ्यांनी सुट्टीत घरी आल्यावर आधी लायसन्सची तारीख पाहावी. नूतनीकरण कुठेही केलं तरी नंबर तोच राहतो. लायसन्सच्या नंबरातही राज्याच्या अक्षरांनंतर कार्यालयाचा कोड असतो आणि तो पहिल्या कार्यालयाचाच टिकतो. त्यावरून आपलं आजचं कार्यालय ओळखायला जाऊ नका.

१४. चुकीचं कार्यालय निवडलं आणि पैसेही भरले. आता?

पावतीवर कार्यालयाचं नाव असतं, आधी ते वाचा. कधी कधी चूक झालेलीच नसते. पावतीवर खरंच दुसरं कार्यालय असेल तर त्याच कार्यालयात जाऊन अर्ज बंद करायला सांगावं लागतं. तो अर्ज पोर्टलवर उघडा राहिला तर त्याच गाडीसाठी त्याच कामाचा दुसरा अर्ज घेतला जात नाही, आणि तुम्ही नवा भरायला गेलात की ‘आधीचा अर्ज प्रलंबित’ एवढंच दिसत राहतं. भरलेले पैसे परत मिळतील असं धरून चालू नका.

त्याआधी एक विचारून बघा: हा अर्ज इथेच निकालात काढता येईल का? प्रश्न ६ मधल्या दुरुस्तीमुळे काही कामांत तशी वाट असते, आणि समजूतदार अधिकारी भेटला तर कागद पुरे असतील तेव्हा तिथेच काम होतं. एनओसीचं मात्र असं होत नाही. तिच्यावर जे कार्यालय छापलं तेच.

१५. केंद्र सरकारी नोकरी आहे, दर तीन वर्षांनी बदली. तालुक्याची भानगड टाळता येईल का?

नवी गाडी घेत असाल तर BH मालिका बघा. ती सप्टेंबर २०२१ पासून आहे. केंद्र आणि राज्य सरकारचे कर्मचारी, तसंच ज्यांची कार्यालयं चार किंवा अधिक राज्यांत आहेत अशा खासगी कंपन्यांतले लोक ती घेऊ शकतात. खासगी नोकरीत असलेल्याला कंपनीकडून फॉर्म ६० वर दाखला आणावा लागतो. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा, आणि बदली झाली तरी नंबर बदलायचा नाही. वास्कोच्या नौदलातल्या, बंदरातल्या, बँकांतल्या लोकांना ती सोयीची पडते. इथेच घर बांधून राहणार असाल तर दर दोन वर्षांनी कर लक्षात ठेवण्याचा व्याप कशाला, आपला तालुक्याचा नंबर बरा.

१६. पिवळा-काळा नंबर असलेल्या टॅक्सीसाठी हेच नियम?

कार्यालय शोधण्यापुरते हेच: मालकाचा किंवा धंद्याचा पत्ता ज्या तालुक्यात, ते कार्यालय. पण व्यावसायिक गाडीला परवाना आणि फिटनेस दोन्ही लागतात. गाडी विकत घेताना परवाना कोणाच्या नावावर आणि कुठल्या कार्यालयाचा, हे आरसीच्या आधी तपासा. रेंट-अ-कॅबच्या काळ्या प्लेटच्या गाड्यांचा परवाना हा आणखी वेगळा विषय आहे, त्याचे प्रश्न या पानावर घेतलेले नाहीत.

१७. कार्यालयाचा पत्ता इंटरनेटवर दोन ठिकाणी वेगवेगळा दिसतो. कुठे जाऊ?

नकाशाच्या ॲपवरचा पत्ता जुना असण्याची शक्यता मोठी, कारण सरकारी कार्यालयं इमारती बदलतात आणि नकाशावरची खूण तिथेच राहते. वाहतूक खात्याच्या संकेतस्थळावरचा पत्ता धरा, आणि निघण्यापूर्वी तिथे दिलेल्या क्रमांकावर फोन करा. फोन उचलला गेला नाही तर पंचायतीत विचारा किंवा तालुक्यातल्या एखाद्या ड्रायव्हिंग स्कूलला. त्यांचा माणूस रोज त्या खिडकीवर असतो, आणि आज सर्व्हर चालू आहे की नाही हेही त्यालाच आधी कळतं.